तिरपं टोक, खरं अंतर



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी टूलरूममध्ये मोजमाप शिकलो. लेथवर हात बसायला मला वर्ष लागलं. डायलवर विश्वास कधी ठेवायचा हे कळायला त्याहून बराच जास्त काळ गेला. ते ज्या प्रसंगातून कळलं, तोच आज तुमच्यासमोर मांडणार आहे. विषय अगदी लहान आहे. डायल इंडिकेटरचं टोक मोजायच्या पृष्ठाला जसं टेकायला हवं तसं न टेकता तिरपं टेकलं, तर काटा किती खोटं बोलतो आणि त्यातून खरं अंतर कसं काढायचं? या चुकीला कोसाइन एरर म्हणतात. पुस्तकात तिच्यासाठी एक ओळ आणि एक कोष्टक असतं. कोष्टक बरोबरच असतं, पण ते कुठं लावायचं, कुठं लावायचं नाही आणि लावलं तर किती भरवशाचं, हे त्या एका ओळीत मावत नाही.

आधी प्रसंग सांगतो.

एका कारखान्यात लहान गिअरबॉक्सची जुळणी चालायची. शाफ्टच्या दोन्ही टोकांना टेपर रोलर बेअरिंग होतं. बाहेरून झाकण बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर टेकायचं आणि झाकणाखाली शिमच्या पातळ पट्ट्या असायच्या. शिम वाढवली की शाफ्टला लांबीच्या दिशेनं थोडी मोकळीक मिळायची, काढली की ती कमी व्हायची. या मोकळिकीला आपण एंड प्ले म्हणतो. जुळणीच्या कागदावर हा प्ले ०.०५ ते ०.१० मिलिमीटर ठेवायला सांगितलं होतं. मोजायची रीतही सरळ होती. शाफ्टच्या टोकाच्या सपाट तोंडावर डायल लावायचा, रोलर नीट बसावेत म्हणून शाफ्ट फिरवत फिरवत एका बाजूला दाबायचा, काटा शून्यावर आणायचा, मग तसाच फिरवत दुसऱ्या बाजूला ओढायचा आणि काटा वाचायचा.

अडचण जागेची होती. शाफ्टचं तोंड झाकणाच्या कडेपासून बरंच आत होतं आणि भोवती बोल्टांची डोकी होती. प्लंजरचा मोठा डायल तिथं समोरून लागत नव्हता. म्हणून फिटरनं लीव्हरचा डायल घेतला. त्यालाच आपल्याकडं पपी डायल म्हणतात. एका जर्मन नावाचा तो आपल्या वर्कशॉपमधला अपभ्रंश आहे. या डायलला बारीक दांडीच्या टोकावर लहान गोळी असते. दांडी झाकणाच्या कडेवरून आत घालून त्यानं गोळी तोंडाला टेकवली. दांडी तोंडाला जवळपास समांतर हवी होती. ती ५० अंशांनी कललेली होती.

पहिल्या गिअरबॉक्सवर काट्यानं ०.१३ दाखवलं. कमाल मर्यादा ०.१०, म्हणून फिटरनं ०.०५ ची एक शिम काढली, झाकण पुन्हा आवळलं आणि पुन्हा मोजलं. काटा आता पाचव्या घराच्या किंचित पुढं, साधारण ०.०५२ वर थांबला. मर्यादेत बसलं, म्हणून गिअरबॉक्स पुढं गेला. त्यानंतरचे आणखी काही तसेच मोजून गेले. चाचणीला लावल्यावर थोड्याच वेळात त्यांची बेअरिंगं हात ठेववेना इतकी तापली. सगळे पुन्हा उघडावे लागले. बेअरिंगचा माल, वंगण, झाकणाची खोली, सगळं तपासून झालं. डायलकडं कुणी पाहिलं नाही, कारण डायल नवा होता आणि त्याचं कॅलिब्रेशन झालेलं होतं.

आता त्या गिअरबॉक्सचा हिशेब मांडू. त्यासाठी काटा का फसला हे समजायला हवं.

प्लंजरच्या डायलपासून सुरुवात करतो, कारण तो डोळ्यासमोर सहज येतो. पाण्याच्या टाकीत एक काठी सरळ उभी घाला. काठीची जितकी लांबी ओली होईल तितकी पाण्याची खोली. तीच काठी तिरपी घातली तर ओली लांबी खोलीपेक्षा जास्त भरते. टाकीत पाणी एक वीत वाढलं तर तिरप्या काठीचा ओला भाग एका वितीपेक्षा जास्त वाढतो. प्लंजर म्हणजे ती काठी आणि जॉबचं पृष्ठ म्हणजे ते पाणी. पृष्ठ सरळ वर आलं आणि प्लंजर मात्र तिरपा असला, तर प्लंजरला पृष्ठापेक्षा जास्त सरकावं लागतं. काटा प्लंजरची सरक दाखवतो, पृष्ठाची नाही. म्हणून तिरपा डायल नेहमी जास्त दाखवतो. प्लंजरचा अक्ष पृष्ठाच्या लंबापासून जितक्या अंशांनी कलला असेल तो कोन θ धरला, तर:

खरं अंतर = काट्याचं वाचन × cos θ

लीव्हरच्या डायलमध्ये गोष्ट थोडी वेगळी दिसते, पण निघते तीच. इथं टोक सरळ रेषेत सरकत नाही, दांडीच्या टेकूभोवती फिरतं. घराचं दार आठवा. दाराच्या मोकळ्या कडेला हात लावून एक वीत ढकललं तर दार थोडं उघडतं. तेच बिजागरीच्या जवळ हात लावून एक वीत ढकललं तर दार बरंच उघडतं. डायलचा काटा दार किती फिरलं हे दाखवतो. दांडी पृष्ठाला समांतर असते तेव्हा गोळी टेकूपासून पूर्ण लांबीवर असते. दांडी कलली की वरून पाहताना गोळीचं टेकूपासूनचं आडवं अंतर कमी होतं, म्हणजे हात बिजागरीकडं सरकल्यासारखं होतं. पृष्ठ तेवढंच वर आलं तरी दांडी जास्त फिरते आणि काटा पुढं धावतो. हे आडवं अंतर कोसाइनच्याच प्रमाणात घटतं, म्हणून सूत्र तेच राहतं. फक्त कोन कुठून मोजायचा हे बदलतं. प्लंजरमध्ये कोन पृष्ठाच्या लंबापासून मोजायचा, लीव्हरमध्ये पृष्ठापासूनच. इथं बहुतेकांची गल्लत होते. ४० च्या जागी ५० धरला तर ०.७६६ ऐवजी ०.६४३ ने गुणलं जातं आणि दुरुस्तीच चुकते.

आणखी एक. लीव्हरमध्ये कोन दांडीचा पाहायचा, डायलच्या पेटीचा नाही. टेकूपासून गोळीच्या मध्यापर्यंतची रेषा पृष्ठाशी जो कोन करते तोच खरा. पेटी उभी असो, आडवी असो वा उलटी, तिचा या हिशेबाशी काही संबंध नाही. पेटी छान पृष्ठाला समांतर दिसते आणि दांडी मात्र वाकवून ३० अंशांवर नेलेली असते, हे दृश्य रोज दिसतं.

कोन वाढला की किती फरक पडतो हे एकदा आकड्यांत पाहू. १० अंशांवर गुणक ०.९८५ आहे, म्हणजे चूक दीड टक्क्यांच्या आसपास. २० अंशांवर ०.९४०. ३० वर ०.८६६. ४० वर ०.७६६. ५० वर ०.६४३. आणि ६० वर नेमका ०.५००, म्हणजे काटा दुप्पट बोलतो. सुरुवातीला चूक अगदी हळू वाढते आणि मग झपाट्यानं, म्हणूनच ती फसवते. थोडंसं तिरपं चालतं हा अनुभव खरा असतो. तोच अनुभव माणूस जास्त तिरपेपणापर्यंत ओढून नेतो.

आता त्या गिअरबॉक्सकडं परत येऊ. काटा ०.१३, गुणक ०.६४३. खरा प्ले साधारण ०.०८४. म्हणजे पहिला गिअरबॉक्स मुळातच मर्यादेच्या आत होता आणि त्याला हात लावायची गरजच नव्हती. त्यातून ०.०५ ची शिम काढली. उरला ०.०३४. किमान मर्यादा ०.०५, तिच्याही खाली गेला. आणि काट्यानं काय दाखवलं? ०.०३४ भागिले ०.६४३, म्हणजे ०.०५२ च्या जवळ. काट्याच्या हिशेबानं तो उत्तीर्ण झाला.

चुकीची दिशा पाहा. तिरपा डायल नेहमी जास्त दाखवतो, म्हणून आवळलेलं बेअरिंग त्याला पुरेसं मोकळं दिसतं. इथं जास्त आवळण्याचा धोका ढिलाईच्या धोक्यापेक्षा मोठा होता. शाफ्ट चालताना घरापेक्षा जास्त तापतो आणि लांबतो, आणि या मांडणीत तो जितका लांबेल तितका प्ले खाऊन टाकतो. दोन बेअरिंगांमध्ये २०० मिलिमीटर अंतर होतं. शाफ्ट बाहेरच्या घरापेक्षा १५ अंश सेल्सिअसनं जास्त तापला, तर पोलादाच्या प्रसरणानं तो सुमारे ०.०३५ नं लांबतो. ०.०८४ मधून ०.०३५ गेले तर जवळपास ०.०५ शिल्लक राहतात आणि बेअरिंग सुखानं चालतं. ०.०३४ मधून ०.०३५ गेले तर काहीच उरत नाही. रोलर दाबले जातात, त्या दाबानं आणखी उष्णता निघते, आणि त्या उष्णतेनं शाफ्ट आणखी लांबतो. चाचणीच्या बाकावर हेच घडत होतं.

मास्तरांना बोलावलं तेव्हा त्यांनी बेअरिंगला हात लावला नाही. त्यांनी फिटरला विचारलं, "शिम किती काढलीस?" तो म्हणाला, "पाच शतांश, मास्तर." मग त्यांनी विचारलं, "काटा किती उतरला?" फिटरनं वही पाहिली. १३ वरून ५.२ वर. म्हणजे जवळपास आठ शतांश. मास्तर म्हणाले, "पाच काढले आणि आठ उतरले, तर मधले तीन कुठून आले?"

या प्रश्नापुढं बाकीचं सगळं व्याख्यान दुय्यम आहे. सूत्र माहीत नसलेल्या, कोन कधी न मोजलेल्या फिटरच्या वहीतच चूक लिहिलेली होती. त्यानं यंत्रात ठाऊक असलेला बदल केला होता आणि काटा त्याहून जास्त हलला होता. ०.०५ भागिले ०.०७८, म्हणजे ०.६४. डायलनं आपला गुणक स्वतःच सांगितला होता, फक्त कुणी तो वाचला नव्हता.

यातूनच दुरुस्तीची खरी रीत निघते, आणि ती कोष्टकापेक्षा चांगली आहे. कोष्टकाला कोन लागतो. अरुंद जागेत बारीक दांडीचा कोन डोळ्यानं सांगणं कठीण असतं, आणि पाच अंशांची चूक सहज होते. दांडी १० अंशांच्या आसपास असेल तर पाच अंशांच्या त्या चुकीनं गुणकात एक-दोन टक्क्यांचा फरक पडतो, तो सोडून देता येतो. दांडी ५० अंशांच्या आसपास असेल तर गुणक ४५ अंशांवर ०.७०७ आणि ५५ वर ०.५७४, म्हणजे मधल्या ०.६४३ पासून दोन्हीकडं दहा टक्क्यांनी वेगळा. दुरुस्तीची गरज जिथं सर्वांत जास्त, तिथंच कोनावरून केलेली दुरुस्ती सर्वांत कमी भरवशाची ठरते. कोष्टक चुकत नाही, त्यात घातलेला कोन चुकतो.

म्हणून कोन मोजूच नका. ठाऊक जाडीचा तुकडा मोजा. मास्तरांनी तिथंच ते करून दाखवलं. डायल जसा लावला होता तसाच ठेवला, चुंबकाचा स्टँड हलवला नाही, दांडी हलवली नाही. ०.१० ची फिलर गेजची पट्टी घेतली, तिची जाडी मायक्रोमीटरवर तपासली, तोंड आणि पट्टी दोन्ही पुसली, काटा शून्यावर आणला, दांडी बोटानं अलगद उचलून पट्टी तोंडावर सपाट सरकवली आणि गोळी पुन्हा सोडली. काटा १५ आणि १६ च्या मध्ये थांबला. त्यांनी हे तीन वेळा केलं, दर वेळी तेच आलं. ०.१० भागिले ०.१५५, म्हणजे ०.६४५. कोनाचं नाव न घेता गुणक हाती आला. कोन मागाहून मोजला तेव्हा तो ५० अंश निघाला आणि दोन्ही हिशेब जुळले.

या रीतीचा मोठा गुण असा की कोनाबरोबरच दुसऱ्या चुकाही तिच्यात धरल्या जातात. कुणी मोडलेली दांडी बदलून वेगळ्या लांबीची लावली असेल, तर डायलचं प्रमाणच बदलतं. दुप्पट लांब दांडीवर काटा निम्मंच दाखवतो. त्याचा कोसाइनशी काही संबंध नाही, पण पट्टीनं काढलेल्या गुणकात तेही येतं. शिवाय दांडी एकाच बाजूनं तिरपी असते असंही नाही. बाजूनं पाहिलं तर ती २० अंश कललेली असते आणि डायल स्वतःच्या दांडीभोवती आणखी २० अंश पिळलेला असतो. मग दोन गुणक एकमेकांना गुणले जातात, ०.९४० गुणिले ०.९४०, म्हणजे ०.८८३. बाजूनं एकदा पाहून कोन ठरवणाऱ्याला दुसरा तिरपेपणा दिसतच नाही. पट्टीला मात्र दोन्ही कळतात.

तिच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. पट्टी वाकलेली असली किंवा तिच्या कडेला बर असला, तर ती सपाट बसत नाही आणि गुणक बिघडतो. पट्टीची जाडी तुम्हाला मोजायच्या अंतराच्या जवळपास असावी, कारण लीव्हर जसजशी फिरते तसतसा तिचा कोनही थोडा बदलत जातो; फार मोठ्या अंतरासाठी काढलेला गुणक लहानाला अगदी नेमका बसेलच असं नाही. आणि पट्टी फार पातळ घेतली तर काटा वाचण्यातली अर्ध्या घराची चूक जड होते. ०.१५५ वर अर्धं घर म्हणजे तीन टक्के, ते चालून जातं. ०.०२ च्या पट्टीवर तेच अर्धं घर पंधरा टक्क्यांच्या पुढं जातं. मग गुणकात अर्थ राहत नाही.

सरफेस प्लेटवर हेच काम स्लिप गेजनं आणखी नीट होतं. १.०० आणि १.१० च्या दोन स्लिप शेजारी ठेवा, गोळी एकीवरून दुसरीवर न्या आणि काटा किती हलला ते पाहा. मग तोच डायल त्याच कलानं जॉबवर न्या. डायल दुसरीकडं नेताना दांडी जराही हलली तर मात्र आधीचा गुणक संपला, हे लक्षात ठेवा.

आता जरा मोठा प्रश्न घेतो, कारण इथंच जाणते लोकही चुकतात. वाचनाला कोसाइननं गुणायचं हे एकदा पाठ झालं की माणूस तिरपेपणा दिसताच गुणतो. पण कधी कधी गुणलं की चूक दुप्पट होते.

एक उदाहरण घ्या. लेथवर टेपर कापायला वरची छोटी स्लाइड, म्हणजे कंपाउंड, क्रॉस स्लाइडच्या दिशेपासून ३० अंशांनी फिरवली आहे. ती किती सरकते हे तपासायचं आहे. टूल पोस्टचं एक तोंड बेडला समांतर ठेवलं आणि प्लंजरचा डायल क्रॉस स्लाइडच्या दिशेनं, त्या तोंडाला बरोबर काटकोनात लावला. कंपाउंड १.०० मिलिमीटर सरकवली. काटा ०.८६६ दाखवतो. इथं प्लंजर पृष्ठाला काटकोनातच आहे, तिरपी आहे ती हालचाल. पृष्ठ तिरपं सरकलं, त्यातला प्लंजरच्या दिशेचा भागच काट्याला दिसला, म्हणून काटा कमी दाखवतो. खरी सरक काढायला भागावं लागतं. कुणी सवयीनं गुणलं, तर ०.८६६ चं ०.७५० होतं आणि एका मिलिमीटरचा पाऊण मिलिमीटर होऊन बसतो.

म्हणून मी विद्यार्थ्यांना तीन बाण काढायला लावतो. पहिला, जॉब कुठल्या दिशेनं सरकतो. दुसरा, पृष्ठाचा लंब कुठल्या दिशेला आहे. तिसरा, डायलचं टोक कुठल्या दिशेनं सरकतं. प्लंजरमध्ये ती प्लंजरची दिशा, लीव्हरमध्ये दांडीला काटकोनातली दिशा. मग जॉबची सरक गुणिले पहिल्या दोन बाणांमधल्या कोनाचा कोसाइन, भागिले दुसऱ्या आणि तिसऱ्या बाणांमधल्या कोनाचा कोसाइन, म्हणजे काट्याचं वाचन. पुस्तकातली प्रत्येक ओळ यातूनच निघते. एंड प्लेमध्ये पहिले दोन बाण एकाच रेषेत होते आणि तिसरा कललेला, म्हणून काट्यानं जास्त दाखवलं. कंपाउंडमध्ये दुसरा आणि तिसरा एका रेषेत होते आणि पहिला कललेला, म्हणून काट्यानं कमी दाखवलं. तिन्ही एका रेषेत असतील तर दुरुस्तीच नको. कागदाच्या कोपऱ्यावर तीन बाण काढायला अर्धा मिनिट लागतो. गुणायचं की भागायचं हे त्यातून ठरतं, आणि सवयीवर सोडायचं काही उरत नाही.

हाच प्लंजर लांब सरकेसाठी लावला, तर छोटा तिरपेपणाही उरावर बसतो. प्लंजरचा डायल बहुधा १० मिलिमीटरपर्यंत मोजतो. तो लंबापासून तीनच अंशांनी कलला, डोळ्याला कळणारही नाही इतका, तरी १० मिलिमीटरच्या सरकेवर तो सुमारे ०.०१४ जास्त दाखवतो. म्हणजे एका घराहूनही जास्त. म्हणून लांब सरक मोजताना प्लंजरशेजारी गुण्या ठेवून दोन दिशांनी उभेपणा पाहायची सवय लावून घ्या. लीव्हरच्या डायलची सरक बहुधा एका मिलिमीटरच्याही आत असते. तिथं तीन अंशांनी काहीच बिघडत नाही. धोका कोन आणि अंतर दोन्हींनी मिळून ठरतो, नुसत्या कोनानं नाही.

मग प्रत्येक वाचन दुरुस्त करायचं का? नाही, आणि हेही तितकंच महत्त्वाचं आहे. चार जबड्यांच्या चकमध्ये जॉब मध्यावर आणताना आपण काटा हलायचा थांबेपर्यंत जबडे आवळतो. तिथं डायल ५० अंश तिरपा असला तरी चालतं, कारण आपल्याला शून्य हवं आहे, आणि शून्याला कशानंही गुणलं तरी शून्यच. मशिनचं डोकं टेबलाला काटकोनात आणताना दोन्ही बाजूंचं वाचन सारखं करायचं असतं, तिथंही तसंच. स्लिप गेजवर काटा एका घरावर आणून जॉबही त्याच घरावर येतो का हे पाहिलं, तरी तेच. कोसाइनची चूक फरकाच्या आकड्याला लागते, सारखेपणाला लागत नाही. पण चकमध्ये जॉब मध्यावर आणल्यावर उरलेली डुल किती, हे आकड्यात लिहायची वेळ आली, की चूक लगेच परत येते.

एका प्रकारच्या टोकावर दुरुस्ती करू नये, हेही सांगून ठेवतो. काही लीव्हर डायलना गोळीऐवजी पेरूसारखं, एका बाजूला निमुळतं होत गेलेलं टोक असतं. त्याचा बाक मुद्दाम असा घडवलेला असतो की दांडी थोडीफार कलली तरी, टेकण्याच्या जागी पृष्ठाला लंब असलेली रेषा टेकूपासून तेवढ्याच अंतरावर राहते. मघाच्या दाराच्या भाषेत, दार तिरपं झालं तरी हात बिजागरीपासून तेवढ्याच लांब राहतो. म्हणून ठरावीक कोनापर्यंत त्या डायलचं वाचन बरोबरच असतं, आणि त्याला कोष्टक लावलं तर दुरुस्तीच चूक होऊन बसते. काही बनावटींमध्ये डायल शून्य अंशांऐवजी मुद्दाम छोट्या कोनासाठी जुळवलेला असतो. इंटरापिडच्या डायलमध्ये तो कोन १२ अंश आहे. त्यामुळं टोकाचा आकार आणि बनवणाऱ्याची सूचना पाहिल्याशिवाय कोष्टक उघडू नये. टोक कुठलंही असो, पट्टीची परीक्षा मात्र सगळीकडं चालते.

त्या गिअरबॉक्सचं पुढं काय झालं ते सांगून थांबतो. मास्तरांनी प्रत्येक गिअरबॉक्स पुन्हा उघडवला. प्ले मोजायला तोच डायल, त्याच तिरप्या जागेतून घ्यावा लागणार होता, कारण जागा बदलणार नव्हती. पण आता प्रत्येक वेळी आधी ०.१० ची पट्टी टोकाखाली जायची, काटा किती उठला ते वहीत लिहिलं जायचं, आणि मग प्ले मोजला जायचा. फिटरनं वहीत दोन नवे रकाने आखले. पहिल्या रकान्यात पट्टीवरचं वाचन, दुसऱ्यात गुणून आलेला खरा प्ले. पहिल्या गिअरबॉक्समध्ये काढलेली ०.०५ ची शिम परत घातली आणि तो बिनतक्रार चालला.

मग फिटरनं स्वतःहून तिसरा रकाना आखला. शिम बदलली की किती बदलली आणि गुणून आलेला प्ले किती बदलला, हे दोन्ही आकडे त्यात शेजारी शेजारी लिहायचे. मास्तरांनी ते सांगितलं नव्हतं. त्या रकान्यातले दोन आकडे जुळले नाहीत की तो झाकण आवळण्याआधी डायलकडं पाहायचा. मोजमापात आमचे मास्तर जे शिकवत होते ते एवढंच होतं, आणि त्या वहीत ते मला पूर्ण उतरलेलं दिसलं.